कंपनी गेली कुठे? राजपत्र उघडा!

अंधेरीत एखादी कंपनी बंद पडली की पहिली बातमी लागते वॉचमनला. मग चहावाल्याला, कारण त्याची महिन्याची उधारी अडकलेली असते. मग गाळामालकाला. माल पुरवणाऱ्याला, छपाईवाल्याला, दोन महिन्यांचा पगार राहिलेल्या कामगाराला सगळ्यात शेवटी कळतं. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत येऊन तो बघतो तर शटरवर दुसराच बोर्ड.

गंमत अशी की सरकारनं ही बातमी बऱ्याचदा आधीच छापलेली असते. कोणालाही वाचता येईल अशी, फुकट, तारखेसकट. फक्त ती कुठे छापतात आणि कुठे छापत नाहीत, हे माहीत हवं. त्यातल्याच काही चमचमीत गोष्टी.

शटर पाडलं म्हणून कंपनी मरत नाही

धंदा थांबला, कर्मचारी गेले, लाइट कापली, तरी कायद्याच्या दृष्टीनं कंपनी ठणठणीत जिवंत असू शकते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ प्रमाणे निबंधक, म्हणजे सगळे ज्याला ‘आरओसी’ म्हणतात तो अधिकारी, कंपनीचं नाव नोंदवहीतून काढतो आणि तशी सूचना भारताच्या राजपत्रात देतो. ती सूचना ज्या दिवशी प्रसिद्ध होते, त्याच दिवशी कंपनी विसर्जित होते. म्हणजे मृत्यूची बातमी गॅझेटमध्ये येते असं म्हणणंही अपुरं आहे. बातमी छापून येणं हाच मृत्यू.

पण मरणाच्या आधी एक इशारा छापला जातो, आणि देणेकऱ्याच्या मागे लागलेल्या माणसासाठी खरा मोलाचा तोच. ‘अमुक कंपन्यांची नावं काढण्याचा विचार आहे, कोणाची हरकत असेल तर ३० दिवसांत कळवा.’ या सगळ्या लेखातून एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ३० ठेवा.

एसटीके घराणं

या नोटिसांना नंबर आहेत आणि सीए मंडळी एकमेकांशी त्याच नंबरांत बोलतात. एसटीके-१ ही खासगी चिठ्ठी: आरओसी कंपनीला आणि संचालकांना विचारतो की बाबांनो, धंदा चालू आहे का? नसेल तर नाव काढू का? उत्तराला ३० दिवस. ही चिठ्ठी तुम्हाआम्हाला दिसत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एसटीके-५. ही जाहीर सूचना राजपत्रात येते, कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते आणि वर्तमानपत्रांत एक इंग्रजी व एक स्थानिक भाषेतली अशा दोन जाहिराती येतात. कंपनीनं स्वतःहूनच ‘आम्हाला बंद व्हायचंय’ असा अर्ज केला असेल तर सूचनेचा नंबर एसटीके-६. आणि सगळं पार पडल्यावर जी येते ती एसटीके-७. ती वाचायला मिळाली तर समजा, उशीर झाला.

आरओसीचं लक्ष जातं कशावरून? स्थापनेनंतर वर्षभरात धंदाच सुरू केला नाही, सलग दोन आर्थिक वर्षं काही व्यवहार नाही आणि ‘सुप्त कंपनी’चा दर्जाही मागितलेला नाही, किंवा भागभांडवलाचे पैसे भरल्याचं जाहीरपत्रच दिलं नाही, ही नेहमीची कारणं. शिवाय एक मजेशीर कारण आहे. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर प्रत्यक्ष जाऊन पाहणी करता येते, आणि २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे ती त्याच परिसरातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर करायची असते. चक्क पंचनामाच. आता अंधेरीत किती कंपन्यांचा पत्ता म्हणजे एखाद्या सीएच्या ऑफिसातला एक कप्पा असतो, हे अंधेरीकरांना मी सांगायला नको.

२०१७ मध्ये तर या कलमाचा अक्षरशः धडाका उडाला होता. त्या वर्षीच्या ५ सप्टेंबरला सरकारनं जाहीर केलं की २,०९,०३२ कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली आहेत आणि त्यांच्या बँक खात्यांच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आहेत. त्यांत पोकळ कंपन्या होत्या, तशा केवळ विवरणपत्रं भरायला विसरलेल्या बिचाऱ्याही होत्या.

अंधेरीची कंपनी, मानेसरची सही

मुंबईचा आरओसी म्हटलं की डोळ्यासमोर येतो मरीन ड्राइव्हवरचा ‘१०० एव्हरेस्ट’चा पत्ता. पण स्वतःहून बंद होणाऱ्या कंपनीची एसटीके-६ नोटीस तुम्ही उघडाल तर खाली हरियाणातल्या मानेसरचा पत्ता दिसेल. घोटाळा नाही. २०२३ मध्ये ‘सी-पेस’ नावाचं एक केंद्र मानेसरला सुरू झालं आणि देशभरातले स्वेच्छेनं नाव काढून घेण्याचे अर्ज त्या वर्षीच्या मे महिन्यापासून तिथे जाऊ लागले.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. हरकत कुठे पाठवायची हे सवयीनं ठरवू नका, नोटिशीच्या तळाशी जो पत्ता आणि ईमेल आहे तिथेच पाठवा. मरीन ड्राइव्हला टपाल टाकून निर्धास्त बसलेला माणूस ३१ व्या दिवशी हात चोळत बसतो.

तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांची गोष्ट

समजा, साकीनाक्याला तुमचा छापखाना आहे. वीरा देसाई रोडवरच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला तुम्ही खोके आणि कॅटलॉग छापून दिलेत. तीन बिलं मिळून ३,८४,००० रुपये येणं आहे. आठ महिने ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ चाललंय. आणि ६ जूनच्या राजपत्रात त्या कंपनीचं नाव एसटीके-६ मध्ये दिसलं.

आता या नोटिशीमागे काय काय दडलेलं असतं ते बघा. स्वतःहून नाव काढून घ्यायचं तर कंपनीनं आधी सगळी देणी फेडलेली असावी लागतात, हे कलमातच लिहिलं आहे. मग भागधारकांचा विशेष ठराव, किंवा भरणा झालेल्या भांडवलाच्या ७५ टक्के भागधारकांची संमती. अर्जाची फी १०,००० रुपये. सोबत संचालकांचं हमीपत्र, संचालकांचं प्रतिज्ञापत्र आणि ३० दिवसांपेक्षा जुनं नसलेलं, सीएनं प्रमाणित केलेलं मालमत्ता-देण्यांचं पत्रक. थोडक्यात, ज्यांनी तुम्हाला ‘पुढच्या आठवड्यात’ सांगितलं त्यांनीच दुसरीकडे शपथेवर लिहून दिलंय की आमच्याकडे कोणाचं काही देणं नाही.

तुमची ३,८४,००० ची बिलं या शपथेला सरळ छेद देतात. म्हणून हरकतीचं पत्र भावनिक लिहू नका, कोरडं लिहा. कंपनीचं नाव आणि ओळख क्रमांक. नोटिशीची तारीख आणि क्रमांक. तीन बिलांचे नंबर, तारखा, रकमा. माल पोचल्याची सही असलेली चलनं. तुमच्या जीएसटी विवरणपत्रात त्या बिलांची झालेली नोंद. आणि असेल तर तो सोन्यासारखा ईमेल, ज्यात त्यांच्याच अकाउंटंटनं ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ असं लिहिलंय. एवढंच. पत्र ईमेलनं पाठवा, रजिस्टर्ड पोस्टानंही पाठवा, आणि दिवस मोजताना अधिकाऱ्याच्या सहीखालची तारीख धरू नका. सूचना प्रसिद्ध झाल्याची तारीख धरा. ६ जूनपासून ३० दिवस म्हणजे ६ जुलै. शहाणा माणूस जूनमध्येच पाठवून मोकळा होतो.

इथे एक कडू घोट. हरकत घेतली म्हणजे पैसे मिळाले असं नाही. आरओसी किंवा सी-पेस ही वसुली कोर्टं नव्हेत. हरकतीनं फार तर दरवाजा बंद व्हायचा थांबतो. पैशासाठी वेगळी वाट धरावी लागते. तुमच्या छापखान्याची ‘उद्यम’ नोंदणी असेल तर लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीची सुविधा परिषद आहे, नाहीतर दिवाणी दावा आहे, आणि दाव्याला मुदतीचा कायदा साधारण तीन वर्षं देतो. पण जिवंत कंपनीवर दावा लावणं आणि विसर्जित कंपनीवर लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या ३० दिवसांची किंमत नेमकी तेवढी. शिवाय अनुभव असा की हरकत गेल्याचं कळलं की आठ महिने न उचललेला फोन लवकर उचलला जातो.

आणि ज्यांना वाटतं की कंपनी गेली म्हणजे संचालक सुटले, त्यांच्यासाठी: नाव काढल्यावरही संचालकांची, अधिकाऱ्यांची आणि भागधारकांची जबाबदारी तशीच राहते आणि कंपनी विसर्जित झालीच नाही असं समजून ती वसूल करता येते. देणी चुकवण्यासाठी किंवा धनकोंना फसवण्यासाठी अर्ज केल्याचं सिद्ध झालं तर कलम २५१ खाली कारभार पाहणारे वैयक्तिकरीत्या अडकतात. कायद्यात दात आहेत. चावायला मात्र कोणीतरी तक्रार घेऊन जावं लागतं.

एकवीस अक्षरांची कुंडली

राजपत्रात नावानं शोधायला गेलात तर फसाल. ‘प्रायव्हेट’ की ‘प्रा.’, ‘अँड’ की चिन्ह, मध्ये ‘इंडिया’ आहे की नाही, एका स्पेलिंगनं शोध कोरा येतो. त्यात एकाच नावाच्या सख्ख्या बहिणी: एक ट्रेडिंग, एक एक्स्पोर्ट, एक रिअल्टी. म्हणून शोधायचं ते ओळख क्रमांकानं, म्हणजे सीआयएननं. तो बिलावर, लेटरहेडवर छापणं कंपनीला बंधनकारक आहे.

अंधेरीतलंच मोठं उदाहरण घेऊ. चकाल्याला बी. डी. सावंत मार्गावर हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्यालय आहे. तिचा क्रमांक:

```
L15140MH1933PLC002030
```

पहिलं अक्षर सांगतं की कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध आहे. नसती तर तिथे U असता. पुढचे पाच आकडे उद्योगाचे. जुन्या वर्गीकरणात १५१४ म्हणजे वनस्पती आणि प्राणिज तेल-चरबी. डालडा एकेकाळी याच घरचा होता, हे आठवलं की शाम्पू-साबणवाल्या कंपनीच्या क्रमांकात तेल-तूप का, ते उमगतं. MH म्हणजे महाराष्ट्र. १९३३ हे जन्मवर्ष. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड, आणि शेवटचे सहा आकडे नोंदणीचे.

आता खरी मजा. १९३३ मध्ये ही कंपनी जन्मली ती ‘लिव्हर ब्रदर्स इंडिया’ नावानं. १९५६ मध्ये ‘हिंदुस्तान लिव्हर’ झाली आणि २००७ मध्ये ‘हिंदुस्तान युनिलिव्हर’. नाव दोनदा बदललं, क्रमांकातलं १९३३ साल काही हललं नाही. नुसतं नाव बदलल्यानं नोंदणीचे ते सहा आकडे बदलत नाहीत. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली तर गोष्ट वेगळी. पण अंधेरी पूर्वेची कंपनी नाव बदलून अंधेरी पश्चिमेला गेली, तर तिचे शेवटचे सहा आकडे तिच्यासोबत पूल ओलांडून जातात.

नाव बदललं? मग गॅझेट चुकीची खिडकी

आपल्याकडे ‘नाव बदललंय’ म्हटलं की लगेच तोंडात येतं ‘गॅझेट केलं का?’ ते बरोबरच आहे, पण माणसांसाठी. लग्नानंतरचं नाव, आडनावातली वेलांटी, हे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात येतं आणि चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाची वाट अनेक घरांना पाठ असते. कंपनीचं तसं नाही. कंपनी विशेष ठराव करते, केंद्राची मंजुरी घेते, आरओसी नवं प्रमाणपत्र देतो, आणि ते प्रमाणपत्र निघालं त्या दिवशी नवं नाव लागू होतं. या वाटेवर राजपत्रात सूचना देण्याची अटच नाही. त्यामुळे राजपत्रात नाव बदलल्याचं सापडलं नाही याचा अर्थ बदललं नाही असा बिलकूल होत नाही.

मग कळायचं कसं? कायद्यानं एक साधा उपाय ठेवलाय. नाव बदलल्यापासून दोन वर्षं कंपनीनं ऑफिसबाहेरच्या पाटीवर, लेटरहेडवर, बिलावर नव्या नावासोबत जुनं नावही द्यायचं असतं. पुढच्या वेळी नव्या पुरवठादाराचं बिल हातात आलं की खालची बारीक ओळ वाचा. शंका राहिली तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. त्यात नाव बदलल्याचं प्रमाणपत्र असतं.

आणि आता या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. एखाद्या कंपनीचं नाव दुसऱ्याच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी फारच मिळतंजुळतं असेल तर प्रादेशिक संचालक नाव बदलायचा आदेश देऊ शकतो. मुदतीत बदललं नाही तर? १ सप्टेंबर २०२१ पासून सरकार स्वतःच बारसं करतं. नवं नाव असतं ORDNC ही अक्षरं, मग आदेशाचं वर्ष, अनुक्रमांक आणि अख्खा एकवीस अक्षरी ओळख क्रमांक. त्या पाच इंग्रजी अक्षरांचा अर्थ, ‘प्रादेशिक संचालकाचा आदेश पाळला नाही’. असलं नाव व्हिजिटिंग कार्डावर छापायला कोणता मालक तयार होईल? शिक्षा करावी तर अशी.

गाशा गुंडाळायच्याही दोन तऱ्हा

नाव काढून टाकणं वेगळं आणि कंपनी गुंडाळणं, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवणं वेगळं. इथे राजपत्राची साथ अर्धीच मिळते.

कंपनी कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणानं, मुंबईपुरतं बोलायचं तर कफ परेडच्या एनसीएलटीनं, कंपनी गुंडाळायचा आदेश दिला तर आरओसीनं तो राजपत्रात जाहीर करायचा असतो. त्याच्या आधी, म्हणजे अर्जाच्या सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी, वर्तमानपत्रांत जाहिरातही द्यायची असते. या आदेशाला आणखी एक शेपूट आहे: धंदा पुढे चालू ठेवायचा असेल ते सोडून, तो आदेशच कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केल्याची सूचना समजला जातो. वेगळं पत्र येत नाही.

पण थकलेल्या कर्जाचं प्रकरण हल्ली बहुतेक दिवाळखोरी संहितेच्या रस्त्यानं जातं, आणि तिथे राजपत्र जवळजवळ मुकं असतं. अंधेरीकरांच्या डोळ्यासमोर घडलेलं उदाहरण म्हणजे जेट एअरवेज. सहार विमानतळ रस्त्यावरचं सिरोया सेंटर हा तिचा वर्षानुवर्षांचा पत्ता. १७ एप्रिल २०१९ ला विमानं थांबली. २० जून २०१९ ला एनसीएलटीच्या मुंबई पीठानं दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. जून २०२१ मध्ये नव्या मालकांची योजना मंजूर झाली, ती रखडली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या कलम १४२ खालचे विशेष अधिकार वापरून कंपनी विकून टाकायचा, म्हणजे लिक्विडेशनचा आदेश दिला.

या साडेपाच वर्षांत ज्याचे पैसे अडकले होते त्यानं बघायची जागा होती वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि दिवाळखोरी मंडळाचं संकेतस्थळ, ibbi.gov.in. प्रक्रिया सुरू झाली की अंतरिम दिवाळखोरी व्यावसायिकानं नेमणुकीपासून तीन दिवसांत सूचना द्यायची आणि दावे मागवायचे. लिक्विडेशनचा आदेश झाला की लिक्विडेटरनं पुन्हा नवी सूचना द्यायची. स्वेच्छेनं, देणी फेडण्याची ऐपत असताना गाशा गुंडाळणाऱ्या कंपन्याही १ एप्रिल २०१७ पासून याच संहितेखाली येतात. म्हणून राजपत्रात काही नाही आणि कंपनी मात्र लिक्विडेटरच्या ताब्यात, असं अगदी सहज होऊ शकतं.

शनिवारचा अंक आणि शके १९३४

भारताच्या राजपत्राचा साप्ताहिक अंक शनिवारच्या तारखेचा असतो. असाधारण अंक मात्र कोणत्याही वारी निघतो. मथळ्याखाली इंग्रजी तारखेसोबत शकाची तारीखही छापतात. शनिवार, ५ जानेवारी २०१३ च्या पुढे पौष १५, १९३४. घरच्या कालनिर्णयातल्या तिथीशी ही जुळली नाही तर गोंधळू नका, ही राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेची तारीख आहे.

छापील राजपत्र मात्र १ ऑक्टोबर २०१५ पासून बंद झालं. आता egazette.gov.in वर जे चढतं तेच राजपत्र. प्रत्येक अंकाच्या माथ्यावर एक ओळख असते: CG म्हणजे केंद्राचं राजपत्र, मग DL किंवा MH असं ठिकाण, मग E असेल तर असाधारण, W असेल तर साप्ताहिक, पुढे तारीख आणि क्रमांक. हरकतीच्या पत्रात ही ओळख टाकली की समोरच्याला अंक शोधत बसावं लागत नाही.

शोधताना दोन खड्डे. एक, जुने अंक स्कॅन केलेली चित्रं आहेत. त्यात शोधखिडकीत नाव टाकून ‘शून्य निकाल’ आला तर त्यावर विसंबू नका, तारीख धरून अंक उघडा आणि डोळ्यांनी वाचा. जुन्या कायद्यात हेच काम कलम ५६० खाली चालायचं आणि तिथे हरकतीला तीन महिने मिळायचे. जुन्या साप्ताहिक अंकात या नोटिसा भाग तीन, विभाग एक मध्ये बघायच्या. दोन, यादीत नाव आलं म्हणजे कंपनी गेली असा निष्कर्ष काढू नका. राहिलेली विवरणपत्रं भरून, धंदा चालू असल्याचं दाखवून कित्येक कंपन्या यादीतून सुटतात. म्हणून मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची सद्यस्थिती सोबत बघा. Under Process of Striking Off दिसलं तर खिडकी अजून किलकिली आहे. Strike Off दिसलं तर बंद.

वीस वर्षांचं भूत

बंद खिडकीलाही एक झरोका आहे. नाव काढल्याची सूचना राजपत्रात आल्यापासून २० वर्षांपर्यंत कंपनी, भागधारक, धनको किंवा कामगार एनसीएलटीकडे जाऊन कंपनी पुन्हा जिवंत करायची मागणी करू शकतो. कामगार हा शब्द कायद्यात स्पष्ट आहे, हे मरोळ एमआयडीसीतल्या कोणी तरी वाचावं म्हणून मुद्दाम सांगतो. अर्थात त्या वाटेला वकील लागतो, खर्च लागतो, आणि मूळ थकबाकीची मुदत त्यानं आपोआप वाढत नाही. ३० दिवसांत एका ईमेलनं झालं असतं ते काम.

या वीस वर्षांचं दुसरं टोक नावाला बांधलेलं आहे. नाव काढून टाकलेल्या कंपनीचं नाव राजपत्रातल्या तारखेपासून २० वर्षं दुसऱ्या कोणाला मिळत नाही. लिक्विडेशन होऊन विसर्जित झालेल्या कंपनीचं नाव मात्र दोन वर्षांत मोकळं होतं, आणि नाव बदलल्यामुळे सुटलेलं जुनं नाव तीन वर्षं राखून ठेवतात. म्हणजे सरळमार्गी दिवाळं काढणाऱ्याच्या नावापेक्षा गुपचूप विरघळून गेलेल्या कंपनीचं नाव दहापट काळ अडकून राहतं. हे गणित मला आजतागायत पटलेलं नाही.

लंडनला स्थायिक झालेल्या भाच्याला हे सगळं सांगाल तर तो म्हणेल, आमच्याकडे सोपं आहे. खरंच आहे. १६६५ पासून निघणाऱ्या ‘लंडन गॅझेट’मध्ये अशी पहिली सूचना आली की तिथे हरकतीला किमान दोन महिने मिळतात, आणि कंपनीवर नजर ठेवायला फुकट ईमेल-इशाऱ्याची सोयही आहे. आपल्याकडे नजर आपणच ठेवायची.

तेव्हा ज्या पाच-सहा कंपन्यांकडे तुमची मोठी उधारी आहे, त्यांच्या जुन्या बिलांवरून ओळख क्रमांक आजच एका कागदावर उतरवून काढा. महिन्यातून एकदा ते क्रमांक मंत्रालयाचं संकेतस्थळ, राजपत्र आणि दिवाळखोरी मंडळ अशा तिन्ही ठिकाणी तपासा. महिन्यापेक्षा जास्त अंतर ठेवू नका, कारण नोटिशीची मुदत ३० दिवसांचीच असते.